मदत हवी आहे: आयईएलटीएस लिसनिंगमधला नकाशा, प्रवेशद्वार वरच्या बाजूला असलं की डावं-उजवं उलटं होतं

माटुंगेकर

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण परळच्या एका हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. यूकेला जायचं आहे, म्हणून आयईएलटीएस अकॅडमिक देते आहे. तिथल्या नर्सिंग कौन्सिलला लिसनिंगमध्ये 7 बँड लागतो, म्हणजे 40 पैकी साधारण 30 उत्तरं बरोबर यायला हवीत. बाकी सगळं ठीक चाललंय, घोडं अडतंय ते दुसऱ्या भागात. एकच माणूस बोलत असतो, समोर एखाद्या उद्यानाचा किंवा इमारतीचा नकाशा असतो, त्यावर ए, बी, सी अशी अक्षरं असतात आणि कुठली जागा कुठे ते ओळखायचं असतं. ऑडिओ एकदाच ऐकायला मिळतो.

मी तिच्या सरावाचे पेपर काढून बघितले. प्रवेशद्वार नकाशाच्या खालच्या बाजूला असलं की तिची बहुतेक सगळी उत्तरं बरोबर असतात. तेच वर असलं की बरोबर विरुद्ध बाजूचं अक्षर लिहिलेलं असतं. म्हणजे इंग्रजी कळत नाही असं नाही, ‘टर्न लेफ्ट’ तर कळतंच. शिवाय एक जागा चुकली की पुढच्या दोन-तीन हातच्या जातात. परीक्षा कॉम्प्युटरवर आहे, त्यामुळे कागद फिरवून बघायची सोय नाही. यावर काही खात्रीची पद्धत आहे का? शिकवणाऱ्यांनी किंवा परीक्षा दिलेल्यांनी जरूर लिहा.

गटब_इच्छुक

दादा, हे आमच्या स्पर्धा परीक्षेतल्या दिशाज्ञानासारखंच आहे. ‘एक माणूस उत्तरेकडे 5 किमी जातो, उजवीकडे वळून 3 किमी जातो, आता तो मूळ जागेच्या कोणत्या दिशेला आहे?’ त्यात एकच नियम: वर उत्तर, खाली दक्षिण धरायची आणि प्रत्येक वळण दिशेत बदलून घ्यायचं. दक्षिणेकडे चालणाऱ्याचा उजवा हात पश्चिमेला. ताईला दिशाज्ञानाची शंभरेक गणितं सोडवायला द्या, आपोआप जमेल.

रात्रपाळी

मीही नर्सच, सध्या लीड्सला. मी आयईएलटीएसच्या फंदात न पडता ओईटी दिली. तिच्या लिसनिंगमध्ये नकाशाचा प्रश्नच नसतो. पेशंटशी झालेलं बोलणं ऐकून नोट्स भरायच्या, वॉर्डमधले छोटे संवाद आणि शेवटी मुलाखत किंवा व्याख्यान. कौन्सिलला दोन्ही चालतात. बहिणीला विचारून बघा, आपल्या कामातली भाषा असल्यामुळे मला तरी सोपी गेली.

माटुंगेकर

रात्रपाळी ताई, धन्यवाद. पण फी भरून झाली आहे आणि तारीखही मिळाली आहे, आता याच परीक्षेची तयारी करायची आहे.

गटब_इच्छुक, तुमची पद्धत काल तिला करायला लावली. कागदावर एकदम बरोबर. ऑडिओ लावला तर ‘लेफ्ट म्हणजे पूर्व’ असं मनात होईपर्यंत बोलणारा पुढच्या खोलीत पोचलेला असतो.

खडूफळा

मी दादरला या परीक्षेचे वर्ग घेते. दर बॅचमध्ये ही अडचण असलेले दोघं-तिघं असतातच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दिशाज्ञानाचं तत्त्व बरोबर आहे, फक्त तिथे विचार करायला वेळ असतो, इथे नसतो. मधली पूर्व-पश्चिमेची पायरीच काढून टाका. नकाशावर होकायंत्र छापलेलं असेल आणि बोलणारा ‘इन द नॉर्थ-वेस्ट कॉर्नर’ म्हणाला तरच दिशा वापरायच्या. बाकी वेळी डावं-उजवं हे कागदाचं नसून चालणाऱ्या माणसाचं असतं. दादर स्टेशनहून रानडे रोडने शिवाजी पार्ककडे जाताना माहीम उजव्या हाताला, परतताना डाव्या. माहीम जागचं हललेलं नाही, आपलं तोंड फिरलं.

आता करायचं काय ते सांगते. ऑडिओ सुरू होण्याआधी प्रश्न बघायला थोडा वेळ देतात. त्यात आधी सुरुवातीची जागा शोधायची: मेन एन्ट्रन्स, कार पार्क, ‘यू आर हिअर’, जे छापलं असेल ते. कॉम्प्युटरवरच्या परीक्षेतही कच्च्या कामाला कागद-पेन्सिल मिळते. नकाशा उतरवत बसायचं नाही. माणूस ज्या दिशेने निघणार त्या दिशेचा फक्त एक बाण काढायचा आणि त्याच्या दोन बाजूंना ‘डा’ आणि ‘उ’ लिहायचं. बाण खाली जाणारा असेल तर ‘डा’ कागदाच्या उजवीकडे येतो. हे काम ऑडिओच्या आधीच झालेलं असलं पाहिजे. मग ऐकताना प्रत्येक ‘टर्न’ला नवा बाण, नवे ‘डा-उ’. सवय झाली की बाण काढावा लागत नाही, पेन्सिलचं टोक वळवलं तरी पुरतं.

मी वर्गात वापरते तो नकाशा शब्दांत देते, ताईंना कागदावर काढायला सांगा. मेन एन्ट्रन्स कागदाच्या वरच्या कडेला, मधोमध. तिथून एक सरळ कॉरिडॉर खाली कॅफेपर्यंत जातो. अर्ध्या वाटेवर त्याला एक आडवा पॅसेज छेदतो. छेदाच्या वरच्या भागात, कागदाच्या डावीकडे ए आणि त्याखाली बी, उजवीकडे सी आणि त्याखाली डी. रिसेप्शन ए ला लागून छापलेलं आहे. छेदाच्या लगेच खाली डावीकडे ई, उजवीकडे एफ. आडव्या पॅसेजच्या उजव्या टोकाला जी, डाव्या टोकाला एच. पाच खोल्या ओळखायच्या, अक्षरं आठ.

ऑडिओ असा: “कम इन थ्रू द मेन एन्ट्रन्स अँड गो स्ट्रेट डाउन द कॉरिडॉर. द मीटिंग रूम इज द सेकंड डोअर ऑन युवर लेफ्ट, जस्ट बिफोर द क्रॉसिंग. फॉर द चिल्ड्रन्स लायब्ररी, टर्न राइट ॲट द क्रॉसिंग अँड गो राइट टू द एंड. ऑन द वे यू पास द कंप्युटर रूम, ऑन द कॉर्नर, ऑन युवर लेफ्ट. द एक्झिबिशन रूम इज ऑपोझिट. द फोटोग्राफी रूम युज्ड टू बी नेक्स्ट टू रिसेप्शन, बट यू विल नाउ फाइंड इट ॲट द अदर एंड ऑफ द सेम पॅसेज.”

उत्तरं उद्या लिहिते, आधी त्यांना करू द्या. तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, एकदाच.

मीठभाकर

माझ्या मुलाला तर ॲक्सेंटच कळत नाही, नकाशा दूरच राहिला. दिवसभर इंग्रजी बातम्या लावून ठेवल्या तर फरक पडेल का?

खडूफळा

मीठभाकर, बातम्यांनी कान तयार होतील, पण या प्रश्नाला नाही. बातम्यांत कोणी ‘गो पास्ट द फाउंटन’ म्हणत नाही. मुलाचं नेमकं कुठे अडतं ते वेगळा धागा काढून लिहा, तिथे बोलू.

माटुंगेकर

मॅडम, रात्री जेवणं झाल्यावर केलं. तिची उत्तरं: मीटिंग रूम डी, चिल्ड्रन्स लायब्ररी एच, कंप्युटर रूम बी, एक्झिबिशन एफ, फोटोग्राफी ए. पहिली दोन अगदी झटकन आली, बाण काढल्याचा फायदा तिलाच जाणवला. पुढे मात्र गडबडली.

खडूफळा

पहिली दोन बरोबर. डी हेच तिचं जुनं दुखणं होतं, आधी तिने तिथे बी लिहिलं असतं. लायब्ररीच्या वाक्यात दोनदा ‘राइट’ आहे. ‘टर्न राइट’ हे वळण, ‘राइट टू द एंड’ म्हणजे थेट शेवटपर्यंत. दुसऱ्या ‘राइट’लाही वळणारे बरेच असतात, ती वळली नाही.

कंप्युटर रूम ई. छेदापाशी उजवीकडे वळल्यावर माणूस कागदाच्या डावीकडे चाललाय, म्हणजे त्याचा डावा हात आता खाली आला. तिने नवा बाण काढलाच नाही आणि थेट कागदाची डावी बाजू निवडली की वळल्यावर नवा बाण काढून त्याला ‘डा-उ’ उलटे लिहिले, ते विचारा. दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

फोटोग्राफी जी. ‘युज्ड टू बी’ ऐकलं की पेन्सिल उचलायची नाही, खरी जागा ‘बट’नंतर येते. जुनी जागा सांगून मग नवी सांगणं हे या प्रश्नात वारंवार येतं. बघा, ए हे अक्षर नकाशावर त्याच एका सापळ्यासाठी ठेवलंय.

आणि एक जागा चुकली की पुढच्या जातात, त्याबद्दल. उत्तरं प्रश्नांच्या क्रमानेच येतात. हरवलं की मागे शोधत बसायचं नाही. पुढच्या प्रश्नातल्या खोलीचं नाव पकडायचं, आणि नकाशावर छापलेली कॅफे, रिसेप्शन, छेद ही ठिकाणं पक्की लक्षात ठेवायची. बोलणारा मधूनमधून त्यांच्याकडे परत येतो, तिथे पुन्हा गाडीत चढता येतं. वरच्या ऑडिओत शेवटच्या वाक्यात ‘सेम पॅसेज’ आलंय. मधलं सगळं निसटलं तरी तेवढ्यावरून जी मिळतं, कारण एका टोकाला लायब्ररी आहे हे आधीच कळलेलं असतं.

माटुंगेकर

विचारलं. ती म्हणते नवा बाण काढलाच नाही, लिहिण्यात वेळ जाईल असं वाटलं.

एक्झिबिशनचं तिला अजून पटत नाही. कंप्युटर रूम ई धरली तरी मधल्या कॉरिडॉरच्या पलीकडे एफ आहेच की. तीही ऑपोझिटच झाली.

खडूफळा

एक्झिबिशन बी. त्या क्षणी माणूस आडव्या पॅसेजमध्ये चालतोय, डाव्या हाताला ई आहे, तर समोरासमोरची खोली त्याच पॅसेजच्या पलीकडची, उजव्या हाताची. नकाशात दारांच्या जागी भिंतीत फट दाखवलेली असते, ती बघायची सवय लावा. माझ्या छापील नकाशात ई चं दार आडव्या पॅसेजवर उघडतं, बी चंही. इथे शब्दांत सांगताना ते राहून गेलं.

रात्रपाळी

मॅडम, दार सांगितलं नसताना तिचं एफ चूक म्हणता येणार नाही असं मला वाटतं. खोली कोपऱ्यावरची आहे, दोन्ही वाटांना लागून आहे.

गटब_इच्छुक

मलाही एफ वाटलं होतं. आमच्याकडे अशा प्रश्नावर थेट हरकत घेतात.

खडूफळा

खऱ्या परीक्षेत असं ‘ऑपोझिट’ सहसा एकटं येत नाही, सोबत ‘अक्रॉस द पॅसेज’सारखी दुसरी खूण देतात. म्हणून एक खूण ऐकून लगेच अक्षर पक्कं करायचं नाही, वाक्य संपेपर्यंत दोन्ही अक्षरांवर नजर ठेवायची. पण चालणारा ज्या वाटेवर आहे त्याच वाटेचं ‘ऑपोझिट’ धरायचं, या मतावर मी ठाम आहे.

रात्रपाळी

चालणाऱ्यापुरतं पटलं. पण बोलणारा एका जागी उभा राहून पूर्ण इमारतीचं वर्णन करत असेल, कोणी चालतच नसेल, तेव्हा कुठली वाट धरायची?

माटुंगेकर

हाच प्रश्न बहिणीचाही आहे. रविवारी तिला सुट्टी आहे. मॅडम, तसा एखादा ऑडिओ शब्दांत देता आला तर बघा, यावेळी दारांसकट.