फ म्हणजे लगेच, सुम्म म्हणजे उशिरा: कथा सांगताना हा नियम किती टिकतो?

शर्वरी
अरबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सरावासाठी कुराणातल्या सूरह यूसुफ या अध्यायातल्या काही आयती मराठीत आणते आहे. वर्गात शिकवलं होतं की व म्हणजे नुसतं आणि, फ म्हणजे लगेच नंतर, सुम्म म्हणजे काही काळाने, अव् म्हणजे किंवा. त्याप्रमाणे प्रत्येक ठिकाणी तोच शब्द लावला. व्याकरणात चूक दिसत नाही, पण वाचताना कथा सारखी अडखळते. नियमातच काही राहून गेलंय, की मीच तो चुकीचा वापरतेय?

जुनी वही
नियम पक्का आहे, तो सोडू नका. ऐंशीव्या सूरहमधलं बघा: 'सुम्म अमातहू फ-अक्बरहू, सुम्म इज़ा शाअ अन्शरहू.' माणसाला मरण दिलं, फ पुरलं, सुम्म त्याला हवं तेव्हा उठवलं. मरण आणि दफन यांत वेळ जात नाही म्हणून तिथे फ आला. दफन आणि पुन्हा उठणं यांत युगं जातात म्हणून सुम्म. इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं मिळणार नाही.

आणखी एक. इब्राहीमकडे पाहुणे येतात ती गोष्ट दोन ठिकाणी आहे. एकावन्नाव्या सूरहमध्ये तो घरच्यांकडे जातो, फ धष्टपुष्ट वासरू आणतो, फ पाहुण्यांपुढे ठेवतो. अकराव्या सूरहमध्ये तीच गोष्ट सांगताना उघडच म्हटलंय की भाजलेलं वासरू आणायला त्याने वेळ लावला नाही. म्हणजे एका जागी जे शब्दांत सांगितलं, ते दुसऱ्या जागी दोन फ करून जातात. मग फ म्हणजे तातडी यात शंका कसली?

पानोपानी
वासरू आणि दफन ही दोन्ही उदाहरणं मला मान्य आहेत. पण तेवढ्यावर नियम उभा केला की पुढे ठेच लागते. गर्भाच्या आयती शेजारी शेजारी ठेवून बघा.

तेविसाव्या सूरहच्या चौदाव्या आयतीत क्रम असा आहे: थेंबापासून अलक़ा म्हणजे चिकटून राहणारी गुठळी बनवली, फ अलक़ाचा मांसाचा गोळा केला, फ गोळ्याची हाडं केली, फ हाडांवर मांस चढवलं, सुम्म त्याला वेगळीच निर्मिती म्हणून घडवलं. आता बाविसाव्या सूरहची पाचवी आयत: मातीपासून, सुम्म थेंबापासून, सुम्म अलक़ापासून, सुम्म मांसाच्या गोळ्यापासून. अलक़ा ते गोळा हा टप्पा दोन्हीकडे तोच आहे, त्याला लागणारा वेळही तोच. तरी एकीकडे फ आणि दुसरीकडे सुम्म. शब्द जर घड्याळ बघून निवडला जात असता तर हे घडलं नसतं.

माझ्या मते फरक सांगणाऱ्याच्या नजरेत आहे. बाविसाव्या सूरहमध्ये ज्यांना पुन्हा उठण्याबद्दल शंका आहे त्यांच्याशी बोलणं चाललंय: तुम्ही कुठून कुठवर आलात ते बघा. तिथे प्रत्येक पायरी सुटी, लांब दिसायला हवी, म्हणून ओळीने सुम्म येतात. तेविसाव्यात घडवण्याचं काम डोळ्यांसमोर चाललंय. गोळा, हाडं, मांस, एकातून दुसरं निघतं, म्हणून फ, फ, फ. आणि नेमकं जिथे शरीर पुरं होऊन काहीतरी वेगळंच सुरू होतं, तिथे सुम्म.

जुनी वही
याला जुन्यांनी उत्तर देऊन ठेवलंय. तिथला फ हा सुम्मच्या अर्थाने आलाय असं काही व्याकरणकार म्हणतातच.

पानोपानी
म्हणतात, मला माहीत आहे. पण फ ला सुम्म मानलं की दोन आयतींतला फरकच पुसला जातो, म्हणून मला ते उत्तर पटत नाही. चौदाव्या शतकातल्या इब्न हिशामने मुग़्नी अल-लबीबमध्ये केलेली मांडणी जास्त समाधान देते. तो म्हणतो, लगेच म्हणजे किती लगेच, हे त्या त्या गोष्टीवर ठरतं. 'अमक्याने लग्न केलं फ त्याला मूल झालं' हे वाक्य बरोबर आहे, मध्ये फक्त गरोदरपणाचा काळ गेला असेल तर. ते महिने कितीही लांब वाटले तरी मध्ये वेगळं काही आलेलं नाही. तसंच 'मी बसऱ्यात शिरलो फ बग़दादमध्ये'. प्रवासाला दिवस लागतात, पण बसऱ्यात मुक्काम केला नसेल आणि वाटेतही कुठे थांबला नसाल तर फ शोभतो. म्हणजे फ वेळ मोजत नाही, मध्ये खंड पडला का ते सांगतो. शर्वरी, तुम्ही त्याला 'लगेच' हा शब्द दिलात, त्यामुळे वाक्य घाईचं होतं आणि तिथेच अडखळतं.

दापोलीकर
हा वाद आमच्या घरातला आहे. आम्ही कोकणी मुसलमान, शाफ़ई पंथाचे. माझी बायको औरंगाबादची, हनफ़ी. वुज़ूच्या, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याच्या आयतीत चेहरा धुवा, व हात कोपरापर्यंत, व डोक्यावरून ओला हात फिरवा, व पाय, असं सगळं व ने जोडलंय. बायको म्हणते व क्रम सांगत नाही, म्हणून त्याच क्रमाने करणं सुन्नत म्हणजे चांगली रीत आहे, फ़र्ज़ म्हणजे सक्तीचं नाही. आम्ही म्हणतो क्रम फ़र्ज़. मग आमच्याकडे व म्हणजे 'नंतर' असतो का? इथल्या जाणकारांनी एकदा निकाल द्यावा.

पानोपानी
भाऊ, शर्वरींचा प्रश्न कथेतल्या वाक्यांचा आहे, पण तुमचाही जवळचाच आहे. शाफ़ई मत व च्या अर्थावरच टेकलेलं नाही. त्यांचा एक ठळक मुद्दा असा की धुवायच्या अवयवांच्या मधोमध ओला हात फिरवायचा अवयव घातलाय. क्रम महत्त्वाचा नसता तर धुवायचे सगळे एकत्र सांगितले असते. म्हणजे क्रम निघतो तो वाक्याच्या मांडणीतून.

व स्वतः क्रम बांधत नाही हे दाखवायला दुसरी जागा आहे. बनी इस्राईलना दिलेला एकच हुकूम दुसऱ्या सूरहमध्ये 'दारातून नतमस्तक होऊन शिरा व हित्ततुन म्हणा' असा आहे, आणि सातव्यात 'हित्ततुन म्हणा व दारातून नतमस्तक होऊन शिरा' असा. निकाल मात्र मी देणार नाही, तो फ़िक़्हवाल्यांचा प्रांत.

दापोलीकर
मांडणीचा मुद्दा घरी सांगतो. ऐकलं जाईल असं वाटत नाही, पण सांगतो.

शर्वरी
मग माझ्या मजकुरात व चं काय करू? क्रम सांगत नाही म्हणावं तर गोष्ट तर क्रमानेच चालली आहे.

पानोपानी
तुमचाच मजकूर घेऊ. भावांनी यूसुफला विहिरीत टाकल्यानंतर: 'व-जाऊ अबाहुम', ते रात्री रडत बापाकडे आले. 'व-जाऊ अला क़मीसिही', सदऱ्यावर खोटं रक्त लावून आले. 'व-जाअत सय्यारतुन', एक काफिला आला. तिन्ही ठिकाणी व ने नवं चित्र उघडतंय, आणि काफिल्याशी तर जागा आणि माणसंही बदलतात. मग काफिला आल्यावर: 'फ-अर्सलू वारिदहुम फ-अद्ला दल्वहू'. त्यांनी पाणक्याला पाठवलं, त्याने पोहरा सोडला. इथे फ, कारण तहान, पाणक्या आणि पोहरा ही एकच ओढ आहे. त्यापुढे 'क़ाल या बुश्रा', तो म्हणाला, अरे आनंदाची बातमी, हा तर मुलगा! इथे व नाही, फ नाही, काहीच नाही. पोहरा वर आला हेसुद्धा सांगितलेलं नाही. जोडशब्द गाळल्यामुळे ती हाक थेट कानावर येते.

म्हणून पहिल्या व ला मराठीत 'आणि' लावायची गरज नाही, नवा परिच्छेद पुरतो. दोन फ ना स्वल्पविराम पुरतो. 'करून', 'जाऊन' ही रूपं इब्राहीमच्या वासराला चालतील, कारण तिथे सगळं एकच माणूस करतो. इथे पाठवणारे वेगळे आणि पोहरा सोडणारा वेगळा, त्यामुळे 'पाठवून पोहरा सोडला' केलंत तर अर्थच बिघडेल.

जुनी वही
हे छान उलगडलंत, पण माझा मुद्दा अजून उभा आहे. पस्तिसावी आयत घ्या. यूसुफ प्रार्थना करतो, फ ती ऐकली जाते, फ बायकांचा डाव त्याच्यापासून टळतो. सुम्म 'बदा लहुम', मग त्या लोकांच्या मनात आलं की याला काही काळ तुरुंगात टाकावं. इथे मध्ये वेळ गेलाच आहे, आणि म्हणून सुम्म आहे.

पानोपानी
वेळ गेला असेल. पण तीच आयत पुढे म्हणते 'मिन बअ्दि मा रअवुल्-आयात', खुणा पाहून झाल्यानंतर. 'नंतर' तर तिथे स्वतंत्र शब्दाने आलाच आहे. सुम्मचं काम केवळ 'नंतर' असतं तर दोनदा सांगायची गरज काय? सदरा मागून फाटलेला पाहिला, तो निर्दोष आहे हे कळलं, आणि तरी त्यालाच कोठडी! सुम्म तो अन्याय दाखवतो. मराठीत तिथे 'काही काळानंतर' टाकलंत तर ती कळ निघून जाते. 'आणि एवढं सगळं पाहूनही' म्हटलं तर राहते. नव्वदाव्या सूरहमध्येही गुलाम सोडवणं, भुकेल्याला जेवू घालणं सांगून सुम्म 'ईमान ठेवणाऱ्यांपैकी असणं' येतं. ईमान काही जेवू घातल्यानंतर येत नाही. तिथला सुम्म वरची पायरी दाखवतो, असं भाष्यकारही सांगतात.

जुनी वही
नव्वदाव्या सूरहचं मान्य. पस्तिसाव्या आयतीत मला अजून काळच दिसतो. 'बअ्द' आहे तो खुणा पाहिल्यापासूनचा, आणि सुम्म आहे तो डाव टळल्यापासूनचा. दोन वेगळी अंतरं आहेत, त्यामुळे पुनरुक्ती होत नाही.

नवखा वाचक
अव् मध्येच कुठे राहिला? 'किंवा' चा आणि क्रमाचा काय संबंध?

पानोपानी
क्रमाशी नाही, पण कथेतल्या काळाशी आहे. गुहेत झोपलेले जागे होतात आणि म्हणतात, आपण 'यौमन अव् बअ्ज़ यौम' राहिलो, एक दिवस किंवा दिवसाचा काही भाग. पुढे त्याच सूरहमध्ये 309 वर्षांचा आकडा येतो. बोलणाऱ्यांना काळाचा अंदाजच नाही, हे तो अव् दाखवतो. आणि लगेच पुढे, किती राहिलो ते परमेश्वरालाच ठाऊक, फ आता एकाला चांदीचं नाणं देऊन शहरात पाठवा. हा फ 'तेव्हा' असा आहे. हिशोब लागत नाही, तेव्हा पोटाचं बघू.

शर्वरी
विहिरीचा भाग पुन्हा लिहिला:

'एक काफिला आला. त्यांनी पाणक्याला पुढे पाठवलं, त्याने पोहरा सोडला. "आनंदाची बातमी! हा तर मुलगा!" त्यांनी त्याला विक्रीचा माल म्हणून लपवून ठेवलं.'

शेवटच्या वाक्यावर अडले आहे. मुळात 'व-असर्रूहु' आहे. हे 'त्यांनी' नक्की कोण?

पानोपानी
काफिलेवाले की भाऊ, यावर जुन्या भाष्यकारांतच दोन मतं आहेत. फ असता तर पोहऱ्याच्या साखळीतलाच पुढचा दुवा समजून काफिलेवाले असं मी ठामपणे म्हटलं असतं. व मुळे दार उघडं राहतं. तुमचं 'त्यांनी' मात्र मराठीत काफिल्याकडेच जातं.

जुनी वही
जाऊ दे की. विसाव्या आयतीत त्याला कवडीमोल भावात विकतात, ते काफिल्यालाच शोभतं.

पानोपानी
विकणारे भाऊच होते असंही एक मत आहे. त्यामुळे त्या आयतीच्या आधाराने ही सुटत नाही. शर्वरी, मी असतो तर 'मुलगा!' नंतर परिच्छेद तोडला असता आणि 'त्याला विक्रीचा माल म्हणून लपवून ठेवण्यात आलं' असं कर्त्याशिवाय लिहिलं असतं.