‘दोन गटांत राडा’: बातमीत जात-धर्म लिहायचा की नाही?

प्रसन्न: तणावाच्या बातमीत जात-धर्म लिहूच नये. ‘दोन गट’ म्हणावं, विषय संपला. नावं छापली की आग लागते.

डेस्कवरची: हे वाचून राहवलं नाही. सप्टेंबर 2006 मध्ये खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांना मारलं. सुरुवातीच्या बातम्यांत जातीचा पत्ता नव्हता, ‘अनैतिक संबंधांतून हत्या’ असा सूर होता. जात गाळली आणि मेलेल्या बाईची बदनामी छापली. आग टळली का? नोव्हेंबरात लोक रस्त्यावर आलेच, जास्त चिडून.

भांडणाचं कारणच जात असेल, तर ती लिहा. पार्किंगवरून मारामारी झाली असेल, तर दोघांच्या धर्माचा संबंध नाही, गाळा. आता वरात अडवली असं धरा. ‘वरातीवरून दोन गटांत राडा’ म्हटलं की नवरदेवही मारामारी करत होता असं वाटतं. मथळा हवा: ‘दलित नवरदेवाला घोड्यावरून उतरवले, अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा’. खाली ‘अमुक समाजाने’ लिहायचं नाही. फिर्यादीत ज्यांच्यावर आरोप आहे तेवढेच, तेही ‘फिर्यादीनुसार’.

नाना: प्रेस कौन्सिल जात लिहू नका म्हणते. वर 153अ लागतं.

डेस्कवरची: नाना, कौन्सिलचा रोख भडक मथळ्यांवर आणि विनाकारण जात चिकटवण्यावर आहे. 153अ आता न्याय संहितेत 196 झालंय, आणि ते वैर पसरवणाऱ्याला लागतं. खरी बातमी जपून देणं म्हणजे वैर पसरवणं नव्हे.

सीमा_क: माझ्या भावाचं दुकान दगडफेकीत फुटलं. तो शटर ओढत होता. पेपरात ‘दोन गटांत दगडफेक’. नातेवाईक विचारतात, तुम्ही कुठल्या गटात होतात? आणि सोबत जाळपोळीचा फोटो! आमच्या गल्लीत काहीच जळलं नव्हतं.

प्रसन्न: हाच तर मुद्दा! फोटोच भडकवतात. तुम्ही पेपरवाले खपासाठी करता.

डेस्कवरची: खपासाठी? रात्री पान सोडताना घटनास्थळाचा फोटो नसतो, मग कुणीतरी फाइलमधला टाकतं. चूकच आहे ती. फोटो नसेल तर जागा मजकुराने भरा. पण आम्ही सगळे दंगल विकतो असं म्हणू नका, मला ते लागतं.

सीमा_क: लागू दे. भावाला आजही लागतं.

नाना: फोटोखाली तारीख-ठिकाण छापायची सक्ती करा. फॉरवर्डमध्ये जुने व्हिडिओ फिरतात, त्यांचं काय?

प्रसन्न: बरं, वरातीचं मान्य, तेवढंच. पण दंगलीत मेलेल्यांची नावं छापली की धर्म कळतोच. पहिल्या रात्री ‘त्यांचे तीन, आमचा एक’ अशी मोजणी सुरू होते. तेव्हा?

डेस्कवरची: पहिल्या रात्री मी फक्त एकूण आकडा देते, पोलिसांच्या किंवा रुग्णालयाच्या हवाल्याने. नावं घरच्यांना कळल्यावर. आमच्याच डेस्कवर निम्म्यांना हे पटत नाही, त्यांच्या मते तोवर अफवा चौघांचे चाळीस करते.

सीमा_क: करतेच. आमच्याकडे तेच झालं.