मदत हवी आहे: लॉग कॉन्केव्ह आहे यावरून एएम-जीएम, पाचपैकी दोनच गुण का?

ओवी_एसवाय
उद्या सकाळी वही परत द्यायची आहे, लवकर सांगा. a, b धन असताना (a+b)/2 ≥ √(ab) हे लॉगच्या कॉन्केव्हिटीवरून सिद्ध करायचं होतं. मी लिहिलं:

```
ln((a+b)/2) ≥ (ln a + ln b)/2 = ln √(ab)
```

मग दोन्हीकडचा लॉग काढला, झालं. सरांनी समासात "फिरून तिथेच" एवढंच लिहून तीन गुण कापलेत. कुठली पायरी चुकली?

कोकणवारा
लॉग हवाच कशाला? (√a − √b)² ≥ 0 लिहायचं, उलगडायचं, दोन ओळींत उत्तर. मी पोरांना वर्षानुवर्षं असंच शिकवतोय.

ओवी_एसवाय
सर, ते येतं मला. प्रश्नातच लॉगवरून करा म्हटलंय.

तिरपी_रेघ
दिलेल्या ओळीत चूक नाही. लॉग काढताना "लॉग वाढतं फल आहे" हे कारण लिहायला हवं होतं, पण त्यासाठी कोणी तीन गुण कापणार नाही. लॉग कॉन्केव्ह आहे हे तुम्ही कशावरून म्हटलंत? तो भाग इथे दिसत नाही.

ओवी_एसवाय
तो सोपा होता म्हणून टाकला नाही. "(a+b)/2 ≥ √(ab), दोन्हीकडे लॉग घेतला, म्हणून मध्यबिंदूची अट पूर्ण होते, म्हणून लॉग कॉन्केव्ह."

तिरपी_रेघ
तुमचे गुण इथेच गेले. मध्यबिंदूची ती अट आणि एएम-जीएम हे एकच विधान आहे, फक्त एकावर लॉग चढवलाय. जे सिद्ध करायचं तेच तुम्ही पहिल्या ओळीत वापरलंत. कॉन्केव्हिटी दुसरीकडून यायला हवी.

गणित_दादा
एवढी चर्चा कशाला, दुसरा डेरिव्हेटिव्ह −1/x² आहे, म्हणजे ऋण, म्हणजे कॉन्केव्ह. आणि पाया कुठलाही घ्या, लॉग कॉन्केव्हच असतो.

तिरपी_रेघ
पहिलं बरोबर, दुसरं नाही. पाया 1/2 घेतला तर लॉग उतरता असतो आणि कॉन्व्हेक्स होतो. तेव्हा चिन्ह दोनदा उलटतं, एकदा वक्राच्या बाकामुळे आणि एकदा लॉग काढताना, म्हणून शेवटचं उत्तर तेच येतं. ओवी, तुम्ही ln वरच राहा.

शिलकी_खातं
माझाही असाच प्रश्न आहे. फंड एका वर्षी 50 टक्के चढला, पुढच्या वर्षी 50 टक्के पडला. सरासरी शून्य, पण माझ्या 100 चे 75 झाले. हे जीएममुळे का?

गणित_दादा
हो. 1.5 × 0.5 = 0.75, त्याचं वर्गमूळ साधारण 0.866. म्हणजे दरवर्षी सुमारे 13.4 टक्के घट. पण यासाठी वेगळा धागा काढा ना.

ओवी_एसवाय
म्हणजे फक्त −1/x² लिहिलं की पाच गुण?

कोकणवारा
मी नाही देणार. दुसरा डेरिव्हेटिव्ह ऋण असला की जीवा वक्राच्या खाली का राहते, तेही दाखवायला हवं.

गणित_दादा
ते वर्गात झालेलं प्रमेय आहे. प्रत्येक उत्तरात पायापासून इमारत बांधायची का?

तिरपी_रेघ
वर्गात काय झालंय ते ओवीलाच माहीत. दोघांनाही चालेल असं स्पर्शरेषेवरून करता येतं. m = (a+b)/2 धरा आणि m पाशी ln ची स्पर्शरेषा काढा. कॉन्केव्ह वक्र स्वतःच्या स्पर्शरेषेच्या वर कधी जात नाही, म्हणून:

```
ln a ≤ ln m + (a − m)/m
ln b ≤ ln m + (b − m)/m
```

बेरीज केली की उजवीकडचे दोन अपूर्णांक एकमेकांना खोडतात, कारण a + b = 2m. उरतं ln a + ln b ≤ 2 ln m. अर्ध करा, लॉग काढा.

आकडे घालून पाहा. a = 2, b = 8, तर m = 5 आणि ln 5 = 1.609. स्पर्शरेषा 2 पाशी 1.009 देते, खरा ln 2 आहे 0.693. 8 पाशी ती 2.209 देते, खरा ln 8 आहे 2.079. रेषा एकीकडे 0.6 ने खाली उतरली आणि दुसरीकडे तेवढीच वर चढली, म्हणून बेरजेत तिचा उतार दिसतच नाही.

ओवी_एसवाय
पण स्पर्शरेषेच्या खाली राहतो हेही कॉन्केव्हवरूनच ना? परत फिरून तिथेच?

तिरपी_रेघ
नाही, ते डेरिव्हेटिव्हवरून येतं, एएम-जीएम कुठेच लागत नाही. t − 1 − ln t घ्या. त्याचा डेरिव्हेटिव्ह 1 − 1/t; t = 1 च्या आधी ऋण, नंतर धन. म्हणजे सर्वांत लहान किंमत t = 1 ला, आणि ती शून्य. आता t = a/m आणि t = b/m ठेवा, वरच्या दोन्ही ओळी मिळतात. शून्य फक्त t = 1 ला येतं, म्हणून समानता फक्त a = b असताना. हे वाक्य विसरू नका.

कोकणवारा
हे मला पटलं. पण प्रश्नात "कॉन्केव्हिटीवरून" आहे आणि इथे तर कॉन्केव्हिटी हा शब्दही न लिहिता उत्तर आलं. सर मान्य करतील?

गणित_दादा
म्हणूनच म्हणतो, −1/x² ची ओळ आधी लिही.

ओवी_एसवाय
दोन्ही लिहिते, वर −1/x² आणि खाली t − 1 − ln t. समानतेचं वाक्य माझ्या वहीत नव्हतंच, ते आत्ता घातलं.