मित्राने सिनेमा-मालिकांच्या दोन शिफारशी विचारल्या : कोणत्या सांगितल्यात, आणि गोष्ट न फोडता कारण कसं दिलंत?

तापीकाठ (धागा सुरू करणारा)

भुसावळचा माझा एक मित्र मालगाडीवर गार्ड आहे. पदाचं नाव आता ट्रेन मॅनेजर झालंय, पण आम्ही गार्डच म्हणतो. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला : "मले दोन चांगल्या सांग पाहायले. एक रनिंग रूममधी एकट्याने पाहीन, एक घरच्यांसोबत. पन काय होते ते नको सांगू."

रनिंग रूम म्हणजे ड्युटीवर बाहेरगावी मुक्काम पडला की गार्ड-ड्रायव्हर थांबतात ती जागा. शेवटची अट मुद्दाम माझ्यासाठी होती. दोन वर्षांपूर्वी एक रहस्यपट सुचवताना मी त्याला म्हणालो होतो, "शेवटपर्यंत कोणावर विश्वास ठेवू नको." मला वाटलं, मी काहीच फोडलं नाही. त्याने मात्र पहिल्या अर्ध्या तासापासून सिनेमातल्या सगळ्यात भल्या माणसावर नजर ठेवली, आणि तोच निघाला. नंतर तो मला म्हणाला, "तू नाव सांगितलं नाही, पन मले शोधायले लावलं." हे माझ्या मनाला लागलं. तेव्हापासून "धक्का आहे", "शेवट बघच" असं काहीही बोलायचं नाही असं मी ठरवलं. पहिल्या पंधरा मिनिटांत जे दिसतं तेवढंच सांगायचं. पुढे बघणाऱ्याकडून काय लागेल तेही सांगायचं, म्हणजे वेळ, धीर आणि सोबत कोण हवं, कोण नको.

या वेळी पाठवलेला निरोप जसाच्या तसा देतो :

"एकट्यासाठी 'द रेल्वे मेन'. नेटफ्लिक्सवर आहे, चारच भाग, एकेक साधारण तासाभराचा. भोपाळ जंक्शन, २ डिसेंबर १९८४ ची रात्र. कारखान्यातून वायू सुटतो आणि स्टेशनवर ड्युटीला असलेल्या माणसांपुढे प्रश्न उभा राहतो की आता गाड्यांचं आणि फलाटावरच्या लोकांचं काय करायचं. के. के. मेनन स्टेशनमास्तर आहे. तुला एवढ्यासाठी सांगतो की यात मोठी माणसं कमी आणि ड्युटीवरची माणसं जास्त आहेत. रेल्वेच्या कामातली एखादी गोष्ट खटकली तर तिथे अडकू नको, ती नियमपुस्तिका नाही. मुलाला सोबत घेऊ नको, प्रेतं दिसतात. आणि नाइट करून आल्याबरोबर लावू नको, झोप लागणार नाही.

घरच्यांसोबत 'किल्ला'. मराठी, दोन तासांच्या आत संपतो. वडील गेल्यावर आईची बदली होते आणि अकरा वर्षांचा मुलगा पुणं सोडून कोकणात समुद्राकाठच्या गावी येतो. अविनाश अरुण यांनी दिग्दर्शनही केलंय आणि कॅमेराही त्यांचाच आहे. पाऊस आणि समुद्र यांचे आवाज यात संवादाइतकेच महत्त्वाचे आहेत, म्हणून पंखा-कूलर चालू असताना मोबाईलवर बघू नको. मुलासोबत आईकडेही लक्ष ठेव."

'किल्ला' सांगण्यामागे माझं एक कारण होतं, ते मी लिहिलं नाही. त्याच्याच बदलीचा हुकूम आलाय आणि त्याचा मुलगाही अकराचा आहे. तो दोन महिने "मी येणार नाही" एवढंच म्हणतोय.

तुम्हाला कोणी दोन विचारल्या तेव्हा काय सांगितलंत? कारणासकट लिहा, पण फोडू नका.

वाघूरकर, जळगाव

आम्ही काही जण महिन्यातून एकदा जमून सिनेमा बघतो. निवड बहुतेक वेळा माझ्याकडे असते, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

माझा अनुभव असा की गोष्ट फोडल्याने जितके लोक दुरावतात त्याहून जास्त लोक सिनेमाची चाल माहीत नसल्यामुळे दुरावतात. 'कोर्ट' मी पहिल्यांदा दाखवला तेव्हा फक्त "राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला कोर्टातला मराठी सिनेमा" असं सांगितलं होतं. लोक खणखणीत वकिली भाषणांच्या तयारीने आले. अर्ध्या तासात चौघे चहाला म्हणून उठले आणि परत आले नाहीत.

पुढे एका वकील मित्राने विचारलं तेव्हा मी वेगळं सांगितलं. सुरुवातीला एक वयस्कर लोकशाहीर कार्यक्रम करत असताना पोलीस त्याला अटक करतात. गटार साफ करणाऱ्या एका कामगाराने त्याचं गाणं ऐकून आत्महत्या केली, असा आरोप आहे. इथपर्यंत सांगून मी थांबलो. मग त्याला म्हणालो, कॅमेरा लांब आणि स्थिर उभा असतो, मुद्द्याचं बोलून झालं तरी दृश्य चालू राहतं. तेव्हा मागच्या बाकावर कोण काय करतंय ते बघ. कामकाज संपल्यावर सिनेमा वकिलांसोबत त्यांच्या घरीही जातो. ते विषयांतर नाही, तिथेच जास्त जागा राहा. सरकारी वकील गीतांजली कुलकर्णी यांनी केलीय. ती बाई खलनायिका वाटत नाही, आणि म्हणूनच ती बघायला हवी.

वकील मित्राने तो सलग बघितला. "तारखा आमच्यासारख्याच पडतात," म्हणाला.

माझी दुसरी शिफारसही 'किल्ला'च असते, त्यामुळे ती वाचून आनंद झाला. तापीकाठ, एकच तक्रार : "आईकडे लक्ष ठेव" ही सूचनासुद्धा थोडं बोट दाखवतेच. मी असतो तर तेही वगळलं असतं.

नंदुरबारची सून

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. सासऱ्यांसाठी काहीतरी सुचवा. अक्राणीत त्यांची बरीच वर्षं ग्रामसेवक म्हणून गेली, आता ऐकू कमी येतं. रोजच्या मालिका त्यांना आवडत नाहीत.

मी त्यांना 'पंचायत' लावून दिली होती. कारण एवढंच सांगितलं की मनासारखी नोकरी न मिळालेला शहरी मुलगा वीस हजार पगारावर उत्तर प्रदेशातल्या फुलेरा गावात पंचायत सचिव म्हणून जातो आणि कार्यालयातच राहतो. पहिल्या हंगामात आठ भाग आहेत, रोज जेवणानंतर एक. आप्पांनी तिसऱ्या दिवशी दोन बघितले. मध्येच थांबवून त्यांनी मला त्यांच्या पहिल्या नेमणुकीचं सांगितलं, की कार्यालयाच्या किल्लीसाठी चार दिवस फिरले होते. हे या घरात कोणालाच माहीत नव्हतं.

त्यांना खालची अक्षरं वाचून बघावं लागतं, म्हणून भराभर बोलणारं काही नको. पुढे काय लावू?

तापीकाठ

ताई, 'किल्ला'च लावा. बोलणं कमी आहे आणि मराठी आहे.

गिरणाथडी

माझ्या दोन : 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' आणि 'सुपरमेन ऑफ मालेगाव'. आपल्या खान्देशातल्या मालेगावची गोष्ट. दोन्ही एकच आहेत, जुन्याचा नवा अवतार. म्हणून नवीन बघितला तरी चालतं. कारण : यंत्रमागावर राबणारी पोरं स्वतःचे सिनेमे बनवतात. यात फोडण्यासारखं काय आहे?

वाघूरकर, जळगाव

भाऊ, शिफारस छान आहे, पण दोन्ही एक नाहीत. 'सुपरमेन' हा फैजा अहमद खान यांचा २००८ चा माहितीपट. गावातली मंडळी 'मालेगाव का सुपरमॅन' बनवत असताना तो चित्रित झालाय, म्हणजे पडद्यावर खरीच माणसं आहेत. 'सुपरबॉइज' हा रीमा कागती यांचा नटांना घेऊन केलेला चित्रपट. तो २०२५ मध्ये थिएटरला आला, त्याची गोष्ट १९९७ पासून सुरू होते आणि कितीतरी वर्षं पुढे जाते. शिवाय मालेगाव नाशिक जिल्ह्यात आहे. खान्देशी म्हणायचं तर बोलीने आणि नात्यागोत्याने म्हणा.

आणि फोडण्यासारखं आहे. चित्रपट बघेपर्यंत त्या खऱ्या माणसांची नावं मोबाईलवर शोधू नका, अशी विनंती मी प्रत्येकाला करतो. पहिल्याच ओळीत असं काही दिसतं की पुढचे दोन तास बदलून जातात.

गिरणाथडी

जिल्ह्याचं मान्य. पण मग आधी काय बघायचं? माहितीपट आधी बघितला तर चित्रपटातली अर्धी मजा गेली ना.

वाघूरकर, जळगाव

मी आधी चित्रपट सांगतो. माझी बायको उलट सांगते. ती म्हणते, खरे चेहरे आधी बघितले की नटांचं काम कळतं. आमच्या घरी यावर अजून एकमत नाही.

अमळनेरचा, सध्या पुण्यात

आपण तोंडाने फोडत नाही, पण ॲप फोडतं, याबद्दल कोणीच लिहिलं नाही. मित्राला शिफारस करताना मी चार गोष्टी सोबत सांगतो. भागांच्या यादीत खाली सरकू नको, पुढच्या भागांची चित्रं आणि नावं बरंच सांगून जातात. दुसरा हंगाम आधी उघडला गेला तर सुरुवातीची उजळणी लगेच बंद कर, नाहीतर पहिला हंगाम तिथेच संपला. नेटफ्लिक्सवर आपोआप चालणारी झलक प्रोफाईलच्या सेटिंगमधून बंद करता येते.

चौथी गोष्ट मी स्वतः भोगलीय. एका नटाचं नाव आठवेना म्हणून कलाकारांची यादी उघडली. प्रत्येकाच्या नावापुढे तो किती भागांत आहे ते लिहिलेलं होतं. आठ भागांच्या मालिकेत माझ्या आवडत्या पात्रापुढे तीन हा आकडा होता. पुढचा सगळा वेळ मी त्याच्या जाण्याची वाट बघत बसलो.

जुना केबिनवाला, भुसावळ

मी रेल्वेतून निवृत्त झालो. भोपाळच्या त्या रात्रीच्या बातम्या आम्ही ड्युटीवर ऐकल्या होत्या. 'द रेल्वे मेन' पाहिली. सगळं जसंच्या तसं घडलेलं आहे. आणि भोपाळला काय झालं ते साऱ्या जगाला माहीत आहे, मग फोडायचं ते काय राहिलं?

तापीकाठ

नाना, वायू सुटला हे खरं, स्टेशनवरची माणसं जागेवर राहिली हेही खरं. पण मालिकेतली नावं बदललेली आहेत आणि काही पात्रं रचलेली आहेत. ज्या खऱ्या अधिकाऱ्यावरून मुख्य पात्र सुचलं त्यांचं नाव तुम्हाला माहीत असेल. तरी ते इथे लिहू नका, शोधलं की त्यांचं पुढे काय झालं ते लगेच कळतं. दुर्घटना माहीत असणं वेगळं आणि त्या रात्री फलाटावर कोण कुठे उभं होतं ते माहीत असणं वेगळं.

जुना केबिनवाला, भुसावळ

नाव नाही लिहीत. पण रचलेलं किती आणि खरं किती, यावर मी अजून तुझ्याशी भांडणार. भुसावळला आला की घरी ये.

नंदुरबारची सून

'किल्ला' लावला. आप्पा अर्ध्यावर उठून अंगणात जाऊन बसले. आवडला नाही का, विचारलं. म्हणाले, "उद्या बघू राहिलेला." बदलीत त्यांनी मुलांना किती शाळा बदलायला लावल्या, ते ह्यांनी मला रात्री सांगितलं. मी राहिलेला आपणहून लावणार नाही, त्यांनी म्हटलं तर लावीन.

तापीकाठ

ताई, बरोबर केलंत. बदलीची गोष्ट आहे हे मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. ते पहिल्या पाच मिनिटांतलंच आहे, सांगितल्याने काही फुटलं नसतं.

आता माझ्या मित्राचं. 'द रेल्वे मेन' त्याने खंडव्याच्या रनिंग रूममध्ये दोन मुक्कामांत संपवली. फोनवर मालिकेबद्दल फार बोलला नाही, मला फक्त त्याच्या पहिल्या स्टेशनमास्तरांचं नाव सांगितलं. 'किल्ला' रविवारी घरात लावला होता. मुलगा भिंतीकडे तोंड करून झोपल्यासारखा पडला होता. सिनेमा संपल्यावर त्याने विचारलं, "नवीन गावाले नदी आहे का?"

मित्राला ते माहीत नव्हतं. त्याने मला विचारलंय, मी नकाशा बघतोय.