मदत हवी आहे: ट्यूबची दोन्ही टोके लालसर पेटून राहतात, मध्ये उजेड येत नाही

सांजवात:
आमच्या स्वयंपाकघरात चार फुटी, 36 वॉटची ट्यूब आहे. पट्टी जुनी असून तिच्यात तांब्याचा चोक आणि गोल स्टार्टर आहे. गेल्या आठवड्यापासून बटण दाबले की दोन्ही टोके नारिंगी होतात आणि तशीच राहतात. मधला भाग काळोखाच असतो. ट्यूब हाताने किंचित फिरवली की कधीकधी ती लखकन लागते आणि मग रात्रभर व्यवस्थित चालते. त्यावरून होल्डर सैल असावा असा माझा अंदाज आहे. वायरमन मात्र सगळी पट्टी काढून एलईडी बसवा म्हणतात. नेमका दोष कशात आहे, हे घरच्या घरी ओळखता येईल का?

रानमोगरा:
चोक गेला आहे. आमच्याकडेही असेच झाले होते. चोक गुणगुणायचा, हात लावता येणार नाही इतका तापायचा आणि नव्या ट्यूबची टोके महिन्याभरात काळी पडायची. चोक बदलल्यावर त्रास थांबला.

फ्यूजवायर:
रानमोगरा, तुमच्याकडचे निदान बरोबर असणार, कारण चोकच्या आतले वेढे एकमेकांना चिकटले की प्रवाह वाढतो आणि ट्यूब लवकर जळते. सांजवात यांचे लक्षण मात्र वेगळे आहे.

या पट्टीत चोक, एका टोकाची फिलामेंट, स्टार्टर आणि दुसऱ्या टोकाची फिलामेंट अशी एकच साखळी असते. दोन्ही टोके स्थिर पेटलेली दिसतात, याचा अर्थ त्या क्षणी चारही पिनांमधून प्रवाह वाहतो आहे, दोन्ही फिलामेंट शाबूत आहेत आणि चोक तुटलेला नाही. होल्डर सैल असता तर साखळीच तुटली असती आणि टोकेही पेटली नसती.

स्टार्टरने टोके तापेपर्यंत आपली पत्ती जोडून ठेवायची आणि मग सोडायची असते. ती सुटताच चोक काहीशे व्होल्टचा झटका देतो आणि त्या झटक्याने ट्यूब लागते. तुमच्या स्टार्टरची पत्ती चिकटली असावी, किंवा त्याच्या आतला छोटा कंडेन्सर शॉर्ट झाला असावा. तुम्ही ट्यूब फिरवता तेव्हा पिनेचा संपर्क क्षणभर तुटतो आणि स्टार्टरने करायचे काम तुमच्या हातून होते. म्हणून ट्यूब लागते. होल्डर घट्ट बसला म्हणून नव्हे.

खात्री करायची असेल तर टोके पेटलेली असताना स्टार्टर डावीकडे फिरवून बाहेर काढा. हात कोरडे असावेत, स्टूल लाकडी असावे, स्टार्टरची डबी प्लॅस्टिकची असावी आणि रिकाम्या खोबणीत बोट जाऊ देऊ नये. डबी पत्र्याची असेल तर हा प्रयोग नको. बटण बंद करून सरळ नवा स्टार्टर लावून पाहा.

पाऊसवेडा:
आमची ट्यूब बटण बंद केल्यावरही अंधारात मंद चमकते. तोही स्टार्टरच का?

फ्यूजवायर:
नाही, तो वेगळा विषय आहे. बहुधा बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवले गेले आहे. वायरमनकडून तपासून घ्या, कारण तसे असेल तर बटण बंद असतानाही पट्टीत वीज असते. ट्यूब पुसायला चढाल तेव्हा मेनस्विच बंद करा.

सांजवात:
डबी प्लॅस्टिकचीच होती. स्टार्टर काढताच ट्यूब लागली! नवा बसवला, आता बटण दाबल्यावर दोन-तीन उघडझापीत लागते. पण संध्याकाळी सातनंतर ती मध्येच विझते आणि पुन्हा लागते. एक टोक बोटभर काळे झालेले आहे.

फ्यूजवायर:
काळे टोक म्हणजे फिलामेंटवरचा लेप उडत चालला आहे. अशी ट्यूब पेटती राहायला जास्त व्होल्टेज मागते. ते एका मर्यादेपलीकडे गेले की स्टार्टर ट्यूब विझली आहे असे समजून पुन्हा चालू होतो. संध्याकाळी ट्यूब लागलेली असताना स्टार्टर काढून ठेवा. मग ती स्थिर राहिली तर नवा स्टार्टरच हलका निघाला असे समजा. तरीही विझली तर ट्यूब संपत आली आहे, किंवा तुमच्याकडे दाब उतरतो आहे.

रानमोगरा:
मी तरीही चोक बदलूनच पाहीन.

सांजवात:
स्टार्टर काढूनही काल साडेसातला विझली. मात्र त्याच वेळी पंखाही मंदावला होता. शेजाऱ्यांकडची चांगली ट्यूब त्याच वेळेला लावून पाहते. तीही विझली तर वीज मंडळाकडे तक्रार देईन.

फ्यूजवायर:
तेव्हा मीटरने व्होल्टेजही पाहून घ्या. 180 च्या खाली असेल तर तांब्याच्या चोकवर चांगली ट्यूबही कुरकुरते.