'मी भाकरी खाल्ली' मधल्या 'मी'ची विभक्ती कोणती?

चिंगीचीआई: लेकीचा सराव पेपर तपासून आलाय. 'मी भाकरी खाल्ली' यातल्या 'मी'ची विभक्ती तिने प्रथमा लिहिली तर लाल गोळा, बाजूला 'तृतीया'. अहो पण तृतीयेचे प्रत्यय ने, ए, शी, नी ना, इथे ने कुठाय? ती रडकुंडीला आलीये आणि मला काय सांगावं तेच कळेना.

बाकावरचा: मास्तरांची चूक. मी म्हणजे कर्ता, कर्ता म्हणजे प्रथमा, विषय संपला.

जुनी_पाटी: एवढ्यात नका संपवू हो. 'रामाने भाकरी खाल्ली' मध्ये राम कर्ताच आहे की, आणि तो तृतीयेत आहे. कर्ता कोण हे अर्थावरून कळतं, विभक्ती रूपावरून.

बाकावरचा: मग रूप तर 'मी'च आहे! प्रथमेत मी, तृतीयेत पण मी, तर दोन नावं कशाला?

जुनी_पाटी: कारण मी, तू, आम्ही, तुम्ही या चौघांना ने-नी लागतच नाही, त्यामुळे नुसतं बघून कळत नाही. युक्ती सोपी आहे, 'मी' काढायचा आणि तिथे 'तो' बसवून बघायचं. 'तो भाकरी खाल्ली' असं कोणी म्हणतं का? 'त्याने भाकरी खाल्ली'. म्हणजे ती जागा तृतीयेची. आता 'मी घरी गेलो' घ्या, 'तो घरी गेला', ने आला नाही, प्रथमा. लेकीला हीच दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहून द्या.

प्रवीण_लातूर: माझा पण असाच घोळ झालेला, 'मला आंबा आवडतो' मध्ये 'ला' दिसला म्हणून मी द्वितीया टाकली आणि उत्तरतालिकेत चतुर्थी. मग या युक्तीने ते कसं काढायचं?

जुनी_पाटी: नाही निघणार. 'त्याला' ठेवलं तरी ला तसाच राहतो ना. तो वेगळा प्रश्न आहे, तिथे आवडतो हे आंब्यामागे जातं, आंबाच प्रथमेत आहे, म्हणजे 'मला' काही कर्म नाही. वेगळा धागा काढा, इथे मिसळू नका.

शणै_गोंयकार: आमच्या कोंकणीत हा गोंधळच नाही. 'हांव गेलों' पण 'हांवें भाकरी खाल्ली'. ए स्पष्ट ऐकू येतो.

चिंगीचीआई: अरे वा! आमची आजी 'म्या न्हाई केलं' म्हणायची, ते हेच का?

जुनी_पाटी: अगदी हेच. म्या, म्यां ही तृतीयाच. बोलता बोलता प्रमाण भाषेत तो मी झाला आणि वेगळं रूप हरवलं, जागा मात्र राहिली.

बाकावरचा: हरवलं ना? मग आजच्या मराठीत नाहीये. आणि 'तू भाकरी खाल्लीस' मध्ये तो स तर तू मुळेच लागलाय, म्हणजे क्रियापद कर्त्यामागे गेलं.

जुनी_पाटी: स तू मुळे, हे खरं. पण आंबा खाल्लास, भाकरी खाल्लीस, केळं खाल्लंस, हे बदलतंय कोणामुळे? आणि आजच्याच मराठीतला पुरावा देतो, 'आम्ही' शेजारी नाम ठेवून बघा. 'आम्ही मुलं शेतात गेलो', पण 'आम्ही मुलांनी भाकरी खाल्ली'. 'आम्ही मुलं भाकरी खाल्ली' तुम्ही म्हणाल का? मुलांना नी लागलाय आणि मुलं म्हणजेच आम्ही, तर आम्हीची विभक्ती वेगळी कशी असेल?

बाकावरचा: हम्म. 'आम्ही बायकांनीच का करायचं' हे घरी रोज ऐकतो, त्यात नी आहे खरा. तरी सहावीच्या पोरांना हे विचारू नये असं माझं मत.

चिंगीचीआई: आठवीत आहे हो ती 😀 आत्ता करून बघितलं तिने. 'मी चावी हरवली', त्याने चावी हरवली, तृतीया. मग म्हणाली 'मी चावी विसरले', ती चावी विसरली, प्रथमा! कर्म दोन्हीकडे चावीच, मग असं का?

जुनी_पाटी: शाब्बास. विसरणे, शिकणे, भेटणे ही असली क्रियापदं कर्म असूनही भूतकाळात ने मागत नाहीत. 'तो धडा शिकला', 'त्याने धडा वाचला'. कर्म दिसलं की तृतीया असं धरून बसलं की इथेच फसायला होतं.

प्रवीण_लातूर: मग 'मी चहा पिलो' का 'मी चहा पिला'? आमच्याकडे 'त्यानं चहा पिला' म्हणतात.

शणै_गोंयकार: पिला म्हणजे पिल्लू ना? 😄

जुनी_पाटी: पुस्तकी रूप 'तो चहा प्याला', म्हणजे प्रथमा. पण तुमच्या बोलीत 'त्यानं' येत असेल तर तुमच्या 'मी चहा पिला' मधला मी तृतीयेत धरावा लागेल. पेपरात प्यालो लिहा.

बाकावरचा: म्हणजे विभक्ती आता जिल्ह्यावर ठरणार?

प्रवीण_लातूर: ठरू दे की.