मदत हवी आहे: एफ.वाय.बी.एस्सी. गणिताची तोंडी परीक्षा, गुण न्यायाने कसे द्यावेत?

फळाखडू
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी कॉलेजात गणित शिकवते. एफ.वाय.च्या कॅल्क्युलसला अंतर्गत गुणांमध्ये १५ गुणांची तोंडी असते. मुलं ७२ आणि परीक्षक दोन, मी आणि एक सहकारी सर. प्रत्येकाला आठ मिनिटं आणि गुण लिहायला दोन, असे ७२० मिनिटांचे काम. दोन टेबलं लावली की सहा तासांत उरकते, म्हणून गेल्या वर्षी तसेच केले. रोल नंबर १ ते ३६ माझ्याकडे, पुढचे सरांकडे.

निकाल लावला तेव्हा माझ्या टेबलाची सरासरी ११.२ आणि सरांच्या टेबलाची ८.४. मुलांमध्ये लगेच सुरू झाले, "मॅडमकडे नंबर लागला तो सुटला." त्यात सकाळी साडेअकरापर्यंत सगळे प्रश्न व्हरांड्यात पोचलेले. दुपारची मुलं माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर द्यायला लागली.

पण खरा सल वेगळाच आहे. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली एक मुलगी व्याख्या इंग्रजीत सांगताना फार अडखळली. मी तिला १५ पैकी ६ दिले. पुढे लेखी परीक्षेत तिने तोच मुद्दा आलेख काढून बिनचूक लिहिला होता. म्हणजे मी तिचे गणित तपासलेच नव्हते.

यंदाची तोंडी तीन आठवड्यांवर आली आहे. प्रश्न कसे काढू आणि गुण कसे देऊ?

सुलभाताई_जि_प
आमच्याकडे सातवीला संकलितमध्ये लेखी ५० आणि तोंडी-प्रात्यक्षिक १० असते. मी मुलांना पाच-पाचच्या गटात बोलावते, पाढे आणि तोंडी हिशोब विचारते. बाजारातली खरेदी दिली की लाजरी मुलंही बोलती होतात. दहापैकी सातच्या खाली कुणाला देत नाही, लहान जीव हिरमुसतात.

फळाखडू
ताई, माझी मुलं अठरा वर्षांची आहेत हो. सातच्या खाली कुणालाच नाही म्हटले तर परीक्षा कशाला घ्यायची, असा प्रश्न आमच्याकडे येईल. पण लाजरी मुलं बोलती करायला सोपी सुरुवात हवी, हे पटले.

आकडेमोड
एवढे अवघड काय आहे त्यात? सरासरीतला फरक २.८. सरांच्या ३६ मुलांना सरसकट २.८ वाढवा, फिट्टंफाट. प्रश्न फुटतात तर दर मुलाला फंक्शन बदलून द्या. एकाला sin|x|, दुसऱ्याला cos|x|. साचा एकच, उत्तर मात्र पाठ करता येणार नाही.

निवृत्त_प्रमेय
आकडेमोड, फंक्शन बदलायची कल्पना चांगली आहे, पण उदाहरण नेमके तेच निघाले जे देऊ नये. sin|x| शून्यापाशी डिफरन्शिएबल नाही, उजवीकडून उतार १ आणि डावीकडून −१. cos|x| म्हणजे निव्वळ cos x, कारण कोसाइनला चिन्हाचे काही पडलेले नसते. "मॉड दिसला की टोक आले, टोक आले की डेरिव्हेटिव्ह नाही" एवढेच पाठ असलेला मुलगा पहिल्या प्रश्नात पैकीच्या पैकी घेईल आणि दुसऱ्यात आपटेल. दोघांची समज सारखीच, गुण वेगळे. एकमेकांच्या जागी ठेवायचे प्रश्न आधी स्वतः सोडवून बघावेत आणि त्यात फसायची जागा एकच आहे ना, ते तपासावे. |x−2| आणि |x+1| खुशाल अदलाबदल करा. x|x| च्या जागी (x−3)|x−3| चालेल. x|x−1| चालणार नाही, ते १ पाशी खरोखरच मोडते.

आता २.८ चे. मॅडम, तुमच्याकडे रोल नंबर कसे पडतात?

फळाखडू
प्रवेशाच्या क्रमाने. म्हणजे पहिल्या यादीतली मुलं आधी... अरे देवा.

निवृत्त_प्रमेय
तेच म्हणतो. तुमच्या वाट्याला पहिल्या यादीतली मुलं आली. त्यामुळे २.८ पैकी सरांचा हात आखडता किती आणि मुलांमधला खरा फरक किती, हे त्या दोन सरासऱ्यांवरून कळूच शकत नाही. सरसकट गुण वाढवले तर दुसऱ्या बाजूने अन्याय होईल.

आमच्या विभागात आम्ही काय करायचो ते सांगतो. टेबलांची वाटणी चिठ्ठ्या टाकून करायची, रोल नंबरप्रमाणे नाही. आणि पहिल्या सहा मुलांची तोंडी दोघांनी मिळून घ्यायची. एकाने विचारायचे, दोघांनी एकमेकांना न दाखवता गुण लिहायचे, सहा झाल्यावर कागद उघडायचे. एकदा माझे १२, ९, ७, १३, १०, ६ होते आणि सहकाऱ्याचे १०, ८, ५, १२, ८, ४. मुलं तीच, उत्तरं तीच, तरी बेरीज माझी ५७ आणि त्यांची ४७. माणशी पावणेदोनच्या आसपास फरक. क्रम मात्र दोघांचा जवळपास एकच होता, म्हणजे चांगले कोण यावर वाद नव्हता, फक्त मोजपट्टी वेगळी होती. खोलात गेल्यावर कळले की एक इशारा दिला की ते दोन गुण कापायचे आणि मी कापायचोच नाही. तिथेच ठरवून टाकले आणि त्या सहांचे गुण नव्या नियमाने पुन्हा लावले. सहा मुलांवरून नंतर सगळ्यांचे गुण वरखाली करू नका, तेवढा भरवसा सहा आकड्यांवर ठेवता येत नाही. त्यांचा उपयोग नियम जुळवण्यापुरता.

फळाखडू
सर, इशाऱ्याला किती कापायचे हाच तर घोळ आहे. एखादे उदाहरण घेऊन सांगाल का?

निवृत्त_प्रमेय
x|x| चेच घेऊ. पाच गुणांचा प्रश्न, दोन पायऱ्यांचा. पहिली पायरी: कंटिन्युअस असूनही डिफरन्शिएबल नसलेले फंक्शन सांग आणि का नाही ते सांग. याला २. दुसरी: मग x|x| शून्यापाशी कसे? याला ३.

एक मुलगी चाचरत |x| म्हणते, आलेख काढून दोन्हीकडचे उतार दाखवते. २ मिळाले. x|x| विचारल्यावर म्हणते, "नाही होणार, टोक येईल." तुम्ही म्हणता, "व्याख्येत घालून बघ." ती h|h| भागिले h लिहिते, |h| उरतो, थबकते, आणि स्वतःच म्हणते, "शून्याकडे जातो, म्हणजे आहे!" हा एक टेकू झाला, ३ पैकी २. एकूण ४.

दुसरा मुलगा एप्सिलॉन-डेल्टासकट व्याख्या घडाघडा म्हणतो, |x| चे कारणही बरोबर देतो. २ मिळाले. x|x| ला तोही "टोक" म्हणतो. टेकू दिल्यावर तेच भागिले लिहितो, पण |h| चे काय होते ते सांगता येत नाही. उत्तर तुम्हालाच सांगावे लागते. ३ पैकी ०. एकूण २.

कागदावर हे सरळ दिसते. टेबलावर मात्र बहुतेक परीक्षक मुलाला ४ आणि मुलीला ३ देतात, कारण कानाला तो हुशार वाटतो. म्हणून गुण शेवटी एकदम देऊ नका. प्रत्येक पायरीपुढे जागच्या जागी खूण करा: स्वतःहून, एका टेकूने, सांगावे लागले. "अजून सांग", "घाई नको" हे टेकू नव्हेत, त्यांचे काही कापायचे नाही. आणि टेकूची वाक्ये आधी लिहून ठेवा. ऐनवेळी आपण आवडत्या विद्यार्थ्याला नकळत अर्धे उत्तर सांगून बसतो. मी बसलो आहे.

श्वार्त्सवाल्डचा_सदू
जर्मनीत एम.एस्सी. करतोय. इथल्या तोंडीत प्रोफेसरशेजारी आणखी एक जण बसलेला असतो, त्याचे काम मुख्यतः टिपण ठेवायचे: काय विचारले, काय उत्तर आले, कुठे मदत करावी लागली. प्रोफेसरला लिहीत बसावे लागत नाही आणि पुढे तक्रार आली तर कागद हातात असतो. माझी तोंडी अर्धा तास चालली, त्यातली पहिली पाच मिनिटे माझ्या आवडीच्या विषयावर. भीती तिथेच गेली.

फळाखडू
७२ मुलांना अर्धा-अर्धा तास म्हणजे ३६ तास! टिपणालाही तिसरा माणूस आणायचा कुठून. पण सुरुवात त्यांच्या आवडीने करता येईल. मी म्हणेन, जर्नलमधले तुला आवडलेले एक गणित उघड.

निवृत्त_प्रमेय
उत्तम. फक्त पुढचा प्रश्न त्यातल्याच एका ओळीवर विचारा. बऱ्याच जणांनी sin x भागिले x ची लिमिट लोपितालने काढलेली असते. "त्यात sin चे डेरिव्हेटिव्ह वापरलेस, ते कसे काढले होते?" एवढेच विचारा. ते काढायला हीच लिमिट लागते हे ज्याच्या ध्यानात येते, त्याने जर्नल उतरवलेले नाही. आणि हा प्रश्न व्हरांड्यात फुटला तरी बिघडत नाही, प्रत्येकाची ओळ वेगळी असते.

फुटण्यावर माझा उपाय सरळ आहे: पहिल्या पायरीचे प्रश्न आठवडाभर आधी स्वतःच फलकावर लावा. दुसरी पायरी तेवढी हातात ठेवा.

आकडेमोड
मग सगळे पाठ करून येतील की.

निवृत्त_प्रमेय
येऊ देत. पाठ केलेल्याचे २ मिळतील, पुढचे ३ पाठ करून मिळत नाहीत.

अडखळ
मी प्राध्यापक नाही, पण मुद्दा माझ्या जिव्हाळ्याचा आहे. मी तोतरा बोलतो. बी.एस्सी.च्या तोंडीत "डेरिव्हेटिव्ह" शब्दावरच माझी गाडी अडायची आणि समोरचे सर वाक्य स्वतः पुरे करायचे. वर दिलेल्या पद्धतीत ते "सांगावे लागले" मध्ये गेले असते. मला उत्तर येत होते. कृपा करून कागद-पेन समोर ठेवा आणि लिहिलेलेही बोलल्याइतकेच धरा. आठ मिनिटांचे घड्याळ माझ्यासारख्याला लावू नका.

निवृत्त_प्रमेय
बरोबर बोललात. हे माझ्या ध्यानात आले नव्हते. खूण करताना टेकू गणिताचा होता की शब्दाचा, हे वेगळे लिहायला हवे. शब्दाच्या टेकूला काही कापू नये.

फळाखडू
काल सरांना घेऊन एस.वाय.च्या चार मुलांवर रंगीत तालीम केली. तिघांच्या बाबतीत आमच्या दोघांच्या गुणांत एकाहून जास्त फरक नव्हता. चौथ्याला माझे ११, सरांचे ७. तो सगळे मराठीत बोलला, "उतार", "सलग", "तुटक" अशा शब्दांत. सरांचे म्हणणे, पेपर इंग्रजीत आहे, तर "कंटिन्युअस" हा शब्द यायलाच हवा. माझे म्हणणे, "पेन न उचलता काढता येतो" एवढ्यावर तो थांबला असता तर मीही कापले असते, पण त्याने लिमिट आणि फंक्शनची किंमत सारखी हवी हे मराठीत नीट सांगितले. यावर आमचे जमले नाही. सध्या तोडगा असा की परिभाषेचा १५ पैकी एकच गुण वेगळा काढायचा, बाकी १४ गुण कुठल्याही भाषेत. सरांना एक कमी वाटतो, मला तोही जास्त वाटतो.

वेळेचेही बघावे लागेल. पहिले सहा जण दोघांनी मिळून घ्यायचे म्हणजे आणखी अर्धा तास, शिवाय अडखळणाऱ्यांना सवड. एका दिवसात बसत नाही. दुसरा दिवस मागायला उद्या प्राचार्यांकडे जाते.

सुलभाताई_जि_प
दुसरा दिवस मिळाला तर जेवणानंतरची पहिली मुलंसुद्धा दोघांनी मिळून घ्या बाई. दुपारी माझा हात फार सैल होतो.